ब्राइट-विग्नर अनुस्पंदन : पातळीची रुंदी व आयुर्मान

ब्राइट-विग्नर अनुस्पंदन : अणुकेंद्रावर आदळणाऱ्या कणाची ऊर्जा एका विशिष्ट मूल्याजवळ आली असता विक्रियेची संभाव्यता एकाएकी शेकडो वा हजारो पटींनी वाढते व ते मूल्य ओलांडताच पुन्हा घटते. या आविष्कारास अनुस्पंदन म्हणतात. संभाव्यता व ऊर्जा यांच्या आलेखात त्यामुळे एक उंच व अरुंद शिखर मिळते. या शिखराचा आकार वर्णन करणारे सूत्र ग्रेगरी ब्राइट (१८९९–१९८१) व यूजीन पॉल विग्नर (१९०२–९५) यांनी १९३६ मध्ये मांडले, म्हणून त्यास त्यांची नावे देण्यात आली. शिखराच्या निम्म्या उंचीवर मोजलेली रुंदी Γ या अक्षराने दर्शवितात. ही रुंदी म्हणजे विक्रियेत क्षणभर निर्माण होणाऱ्या अस्थिर अवस्थेच्या ऊर्जेतील संदिग्धता होय. अवस्थेचे सरासरी आयुर्मान τ असल्यास Γ = ħ/τ हा संबंध असतो (ħ = प्लांक स्थिरांक भागिले २π = ६·५८ × १०⁻¹⁶ इलेक्ट्रॉन व्होल्ट-सेकंद). ज्या आयुर्मानांचे मापन कोणत्याही घड्याळाने करता येत नाही, ती या संबंधामुळे आलेखाच्या रुंदीवरून काढता येतात. मात्र प्रत्यक्ष मोजलेली रुंदी ही पातळीची स्वतःची रुंदी असतेच असे नाही. हा भेद कसा ओळखावा हे युरेनियमाच्या एका पातळीच्या उदाहरणावरून पुढे स्पष्ट केले आहे.

पूर्वपीठिका : ऊर्जापातळीला रुंदी असते ही कल्पना अणुकेंद्राच्या अभ्यासापूर्वी वर्णपटविज्ञानात आली. उत्तेजित अणूपासून निघणाऱ्या प्रकाशाची वर्णरेषा कितीही काळजी घेतली तरी अनंत सूक्ष्म होत नाही. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा नाद दीर्घकाळ टिकतो व म्हणून तिचा स्वर निश्चित ओळखता येतो. लाकडावर टिचकी मारली असता नाद लगेच विरतो व त्याचा स्वर कोणता हे सांगता येत नाही. अणूच्या बाबतीतही उत्सर्जन जितक्या अल्प काळात संपते तितकी त्याची कंप्रता अनिश्चित असते. व्हेर्नर हायझेनबेर्क (१९०१–७६) यांनी १९२७ मध्ये अनिश्चिततेचे तत्त्व मांडल्यावर या निरीक्षणास पुंजयामिकीतील अर्थ प्राप्त झाला. व्हिक्टर व्हाइसकॉफ (१९०८–२००२) व विग्नर यांनी १९३० मध्ये उत्तेजित अणूचा क्षय पुंजयामिकीनुसार सोडवून दाखविला व वर्णरेषेचा नैसर्गिक आकार आणि अवस्थेचे आयुर्मान यांचा संबंध प्रस्थापित केला. सहा वर्षांनंतरच्या सूत्राचे बीज या कार्यात होते.

मंदगती न्यूट्रॉनांचे कोडे : एन्रीको फेर्मी (१९०१–५४) व त्यांचे रोम येथील सहकारी यांना ऑक्टोबर १९३४ मध्ये असे आढळले की, न्यूट्रॉन पॅराफिनातून जाऊ दिल्यास त्यांचा वेग मंदावतो व अनेक मूलद्रव्यांतील कृत्रिम किरणोत्सर्ग त्यांच्यामुळे कैक पटींनी वाढतो. याचे पहिले स्पष्टीकरण अणुकेंद्र हा जणू एक स्थिर खळगा आहे असे मानून देण्यात आले. न्यूट्रॉन त्या खळग्यातून जाताना त्याची ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडल्यास तो आत अडकेल, एरवी तो विखुरला जाईल. हान्स बेथे (१९०६–२००५) यांनी १९३५ मध्ये या धर्तीवर केलेल्या गणितानुसार ज्या मूलद्रव्यात न्यूट्रॉनांचे ग्रहण मोठ्या प्रमाणात होते, त्यात त्यांचे प्रकीर्णनही मोठे असावयास हवे होते.

प्रयोगांनी याच्या उलट साक्ष दिली. कॅडमियमाचा पातळ पत्रा मंदगती न्यूट्रॉन जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतो, पण त्यांचे प्रकीर्णन मात्र नगण्य करतो. लंडन येथे पी. बी. मून व जे. आर. टिलमन यांनी १९३५ मध्ये दाखविले की, न्यूट्रॉन ओळखण्यासाठी वापरलेले मूलद्रव्य व वाटेत ठेवलेले शोषक मूलद्रव्य एकच असल्यास शोषण सर्वांत प्रभावी होते. म्हणजेच प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या विशिष्ट ऊर्जांचे न्यूट्रॉन निवडून घेते. स्थिर खळग्याच्या चित्रात इतक्या अरुंद निवडीस जागा नव्हती, कारण त्यातील न्यूट्रॉन फार तर १०⁻²² सेकंदाच्या आसपास काळ आत राहतो आणि इतक्या अल्प आयुर्मानास कोट्यवधी पट मोठी रुंदी अपेक्षित आहे.

ब्राइट व विग्नर यांचा निबंध *फिजिकल रिव्ह्यू* या नियतकालिकात एप्रिल १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी फेब्रुवारीत नील्स बोर (१८८५–१९६२) यांनी त्याच प्रश्नावरील आपले विचार *नेचर*मध्ये मांडले होते. बोर यांच्या मते आत शिरलेला न्यूट्रॉन आपली ऊर्जा क्षणार्धात इतर सर्व कणांत वाटून टाकतो व एक संयुक्त अणुकेंद्र तयार होते. ती ऊर्जा योगायोगाने पुन्हा एकाच न्यूट्रॉनावर एकवटून तो बाहेर पडण्यास फार वेळ लागतो. त्या अवधीत संयुक्त अणुकेंद्र गॅमा किरण उत्सर्जित करून स्थिरावू शकते. बोर यांनी चित्र दिले, तर ब्राइट व विग्नर यांनी त्यास लागू पडणारे गणित दिले. दोन्ही कार्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे झाली होती.

सूत्र व त्याचा अर्थ : न्यूट्रॉनग्रहणाची संभाव्यता काटच्छेद या राशीने सांगतात. काटच्छेद म्हणजे येणाऱ्या न्यूट्रॉनास अणुकेंद्र किती क्षेत्रफळाचे लक्ष्य म्हणून भासते ते माप होय. त्याचे एकक बार्न (१०⁻²⁴ चौ. सेंमी.) आहे. मंदगती न्यूट्रॉनांसाठी व एकट्या पातळीसाठी सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

σ(E) = (π/k²) · g · ΓₙΓᵧ / [(E − E₀)² + (Γ/2)²]

येथे E ही न्यूट्रॉनाची ऊर्जा, E₀ ही शिखराची ऊर्जा, k म्हणजे २π भागिले न्यूट्रॉनाची तरंगलांबी आणि g हा परिवलनांवर अवलंबून असलेला गुणक आहे. Γₙ व Γᵧ या आंशिक रुंदी होत. संयुक्त अणुकेंद्रास मोडण्याचे जितके मार्ग असतील तितक्या आंशिक रुंदी असतात व त्यांची बेरीज म्हणजे एकूण रुंदी Γ होय. एखाद्या मार्गाची आंशिक रुंदी जितकी मोठी तितका तो मार्ग अधिक वेळा अवलंबिला जातो. न्यूट्रॉन पुन्हा बाहेर पडणे व गॅमा किरण बाहेर पडणे यांचे प्रमाण Γₙ : Γᵧ एवढे असते. कॅडमियमाच्या कोड्याचे उत्तर यातच आहे. त्याच्या ११३ अणुभाराच्या समस्थानिकाची पातळी ०·१७८ इलेक्ट्रॉन व्होल्टला असून तिची Γᵧ ही Γₙ च्या शंभरपटीहून अधिक आहे. त्यामुळे आत गेलेला न्यूट्रॉन क्वचितच परत येतो. ग्रहण मोठे व प्रकीर्णन अल्प ही स्थिती खळग्याच्या चित्रात अशक्य वाटत होती, ती येथे सहज निष्पन्न होते.

सूत्राच्या छेदाचा आकार आयुर्मानातून कसा येतो हेही पाहण्यासारखे आहे. अस्थिर अवस्थेची संभाव्यता काळानुसार e⁻ᵗᐟᵗ⁰ या घातीय नियमाने घटते (t₀ = τ). संभाव्यता हा परमप्रसराचा वर्ग असल्याने परमप्रसर निम्म्या गतीने, म्हणजे दुप्पट काळात, तितकाच घटतो. अशा विरत जाणाऱ्या आंदोलनाचे निरनिराळ्या कंप्रतांत विघटन केले असता प्रत्येक ऊर्जेचा वाटा १/[(E − E₀) + iΓ/2] या राशीच्या प्रमाणात येतो आणि तिचा वर्ग घेतल्यावर वरील छेद मिळतो. म्हणजे शिखराचा आकार व घातीय क्षय या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. येथे τ हे सरासरी आयुर्मान असून अर्धायुष्य नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते. अर्धायुष्य वापरल्यास रुंदी सु. ४४ टक्क्यांनी जास्त येते. त्याचप्रमाणे निम्म्या उंचीवरील पूर्ण रुंदीऐवजी शिखरापासून एका बाजूची रुंदी घेतल्यास आयुर्मान दुप्पट येते.

अनिश्चिततेच्या तत्त्वाशी संबंध : Γτ = ħ हे समीकरण अनेकदा अनिश्चिततेच्या तत्त्वाचे सरळ रूप म्हणून दिले जाते. हे अंशतःच बरोबर आहे. स्थान व संवेग यांचे तत्त्व दोन मोजण्याजोग्या राशींच्या विचलनांचा गुणाकार एका मर्यादेखाली जात नाही असे सांगते. पुंजयामिकीत काल ही त्या अर्थाने मोजण्याजोगी राशी नसून केवळ एक चल आहे. एल्. आय्. मांडेलश्टाम (१८७९–१९४४) व आय्. वाय्. टाम (१८९५–१९७१) यांच्या १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने ऊर्जेच्या विचलनाची सांगड एखादी राशी लक्षणीय प्रमाणात बदलण्यास लागणाऱ्या काळाशी घालून तत्त्वास काटेकोर अर्थ दिला. येथे आणखी एक बारकावा आहे. ब्राइट-विग्नर आकाराच्या दोन्ही कडा इतक्या सावकाश उतरतात की, गणिती व्याख्येनुसार त्याचे प्रमाण विचलन अनंत येते. म्हणून Γ हे विचलन नव्हे व Γτ = ħ हे असमीकरणही नव्हे. ती घातीय क्षयापासून निघणारी समानता आहे. अनिश्चिततेचे तत्त्व तिचा आशय सांगते, तिची सिद्धता देत नाही.

प्रत्यक्ष पडताळा : रुंदी व आयुर्मान या दोन्हींचे स्वतंत्रपणे मापन करता येईल असे उदाहरण लोहाच्या ५७ अणुभाराच्या समस्थानिकात मिळते. त्याच्या १४·४ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या पातळीचे अर्धायुष्य इलेक्ट्रॉनीय घड्याळांनी सु. ९८ नॅनोसेकंद मोजलेले आहे, म्हणजे सरासरी आयुर्मान सु. १४१ नॅनोसेकंद आहे. त्यावरून रुंदी ४·७ × १०⁻⁹ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. रूडोल्फ मॉसबौअर यांनी १९५८ मध्ये शोधलेल्या परिणामाने, म्हणजे स्फटिकात अणू घट्ट बसलेला असता गॅमा किरणाच्या उत्सर्जनात तो मागे न हटण्याच्या आविष्काराने, ही रुंदी सरळ मोजता येते. उद्गम शोषकाच्या दिशेने सावकाश हालविला की, गॅमा किरणाची ऊर्जा डॉप्लर परिणामाने किंचित बदलते. वरील रुंदीला समतुल्य वेग सेकंदास सु. ०·०९७ मिमी. आहे. उद्गम व शोषक या दोहोंच्या पातळ्यांना रुंदी असल्याने मिळणारी रेषा दुप्पट रुंद, म्हणजे सेकंदास ०·१९४ मिमी. असावयास हवी. पातळ व निर्दोष नमुने वापरले असता रेषा या मूल्याच्या निकट येते, पण त्याहून अरुंद होत नाही.

युरेनियमाची पातळी : अनुस्पंदनाच्या इतिहासात युरेनियमाचे स्थान वेगळे आहे. लीझ माइट्नर, ओटो हान व फ्रिट्स श्ट्रासमान यांना १९३७ मध्ये असे आढळले होते की, सु. २३ मिनिटे अर्धायुष्य असलेला युरेनियमाचा समस्थानिक मंदगती न्यूट्रॉनांच्या अनुस्पंदी ग्रहणाने तयार होतो. त्यांनी अनुस्पंदनाची ऊर्जा २५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास अंदाजिली होती. जानेवारी १९३९ मध्ये भंजनाचा शोध प्रसिद्ध झाल्यावर एक विसंगती पुढे आली. न्यूट्रॉन अनुस्पंदनाच्या ऊर्जेचे असता ग्रहण वाढत होते, पण भंजन वाढत नव्हते. एकच संयुक्त अणुकेंद्र दोन्ही मार्गांनी मोडत असेल, तर दोन्हींची शिखरे एकाच ऊर्जेला यावयास हवीत, कारण सूत्रातील छेद दोहोंना समान आहे.

बोर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये निष्कर्ष काढला की, ही दोन निरनिराळी अणुकेंद्रे आहेत. ग्रहण करणारे अणुकेंद्र विपुल असलेल्या युरेनियम–२३८ चे व मंद न्यूट्रॉनांनी भंजन पावणारे केवळ सु. ०·७ टक्के असलेल्या युरेनियम–२३५ चे. ग्रहण विपुल समस्थानिकाकडेच का द्यावयाचे याचे उत्तरही सूत्रात होते. शिखराची उंची तरंगलांबीने ठरणाऱ्या एका कमाल मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. मोजलेले ग्रहण विरल समस्थानिकाचे मानल्यास त्याच्या प्रत्येक अणुकेंद्राचा काटच्छेद सु. १४० पट धरावा लागला असता आणि ती मर्यादा ओलांडली गेली असती. भंजनक्षम समस्थानिक कोणता हे प्रत्यक्ष वेगळा करून पाहण्यापूर्वी अशा रीतीने आलेखाच्या आकारावरून सांगितले गेले. १९४० मध्ये अल्प प्रमाणात विलग केलेल्या नमुन्यांवरील प्रयोगांनी ते खरे ठरले.

नंतरच्या अचूक मापनांनुसार युरेनियम–२३८ ची सर्वांत खालची मोठी पातळी ६·६७ इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे. तिची Γₙ सु. ०·००१५ व Γᵧ सु. ०·०२३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. एकूण रुंदी सु. ०·०२४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते. आयुर्मान ६·५८ × १०⁻¹⁶ भागिले ०·०२४५ म्हणजे सु. २·७ × १०⁻¹⁴ सेकंद येते. न्यूट्रॉन अणुकेंद्रातून सरळ पार जाण्यास लागणाऱ्या काळाच्या हे कोट्यवधी पट आहे व यातच बोर यांच्या चित्राची साक्ष आहे. या ऊर्जेस ४π/k² चे मूल्य सु. ३,९४,००० बार्न आहे. त्यास ΓₙΓᵧ/Γ² म्हणजे सु. ०·०५७ ने गुणले असता ग्रहणाच्या शिखराची उंची सु. २२,००० बार्न मिळते. अणुकेंद्राचे भूमितीय क्षेत्रफळ दोन बार्नहूनही कमी आहे. लक्ष्य हजारो पट मोठे भासते याचे कारण न्यूट्रॉनाच्या तरंगलांबीत आहे, अणुकेंद्राच्या आकारमानात नाही.

मोजलेली रुंदी व खरी रुंदी : वरील रुंदी सामान्य तापमानाच्या नमुन्यात कधीच सरळ दिसत नाही. युरेनियमाचे अणू स्वतः कंप पावत असल्याने काही न्यूट्रॉनाकडे येत असतात व काही त्यापासून दूर जात असतात. त्यामुळे त्यांच्या सापेक्ष ऊर्जा पसरतात. बेथे व प्लाचेक यांनी १९३७ मध्ये या डॉप्लर विस्ताराचे गणित सूत्रात आणले व विलिस लॅम यांनी १९३९ मध्ये ते स्फटिकातील अणूंना लागू केले. २९३ अंश निरपेक्ष तापमानास केवळ या गतीमुळे येणारी रुंदी सु. ०·०८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे पातळीच्या स्वतःच्या रुंदीच्या साडेतीन पटींहून अधिक. दोन्ही मिळून दिसणारे शिखर सु. ०·१० इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंद असते. ती रुंदी विचार न करता सूत्रात घातली, तर आयुर्मान खऱ्याच्या एक-चतुर्थांश येईल.

उपकरणही आपला वाटा घालते. न्यूट्रॉनाची ऊर्जा बहुधा ठराविक अंतर कापण्यास त्यास लागणाऱ्या काळावरून काढतात. ६·६७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन १० मी. अंतर सु. २८० मायक्रोसेकंदांत कापतो. न्यूट्रॉनांचा झोत एक मायक्रोसेकंद टिकत असेल, तर ऊर्जेत सु. ०·०४८ इलेक्ट्रॉन व्होल्टची संदिग्धता येते. ही पातळीच्या रुंदीच्या दुप्पट आहे. मार्ग १०० मी. केल्यास ती दशांश होते. म्हणूनच अशा प्रयोगशाळांत न्यूट्रॉनांसाठी लांबलचक नलिका बांधाव्या लागतात.

हे दोष ओळखण्याचे मार्ग आहेत. उपकरणाचा वाटा अंतर बदलून, तर उष्णतेचा वाटा नमुना थंड करून पारखता येतो. थंड केल्यावर शिखर अरुंद व उंच होत असेल, तर पूर्वीची रुंदी पातळीची नव्हती हे उघड होते. तथापि अतिशीत नमुन्यातही अणूंची शून्यबिंदू गती उरतेच. म्हणून आणखी एका गुणधर्माचा आधार घेतात. विस्ताराने शिखर ठेंगणे व रुंद होते, पण त्याखालील क्षेत्रफळ बदलत नाही. पातळ नमुन्यात झालेले एकूण शोषण या क्षेत्रफळावर अवलंबून असते व त्यावरून मुख्यत्वे Γₙ मिळते. जाड नमुन्यात शिखराचा मध्य पूर्णपणे शोषला जातो, शोषण दूरच्या कडांवर अवलंबून राहते आणि त्या कडांना डॉप्लर परिणाम फारसा लागत नाही. त्यातून Γ चा समावेश असलेला वेगळा संबंध मिळतो. दोन जाडींच्या नमुन्यांवरून दोन्ही अज्ञाते काढता येतात. दोन्हींपासून आलेली मूल्ये जुळली नाहीत, तर विस्ताराचा अथवा पार्श्वभूमीचा हिशेब चुकला आहे असे समजतात.

अणुकेंद्रीय विक्रियकातील परिणाम : प्रयोगशाळेत अडथळा ठरणारा हा विस्तार विक्रियकात रक्षक ठरतो. महाराष्ट्रातील तारापूर येथील पहिले दोन विक्रियक १९६९ मध्ये वीज देऊ लागले. त्यांचे इंधन किंचित समृद्ध केलेले युरेनियम होते, म्हणजे त्यातही बहुतांश भाग युरेनियम–२३८ चाच होता. तेथेच २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या जड पाण्याच्या विक्रियकांत नैसर्गिक युरेनियम वापरले जात असल्याने हा भाग ९९ टक्क्यांहून अधिक आहे. भंजनातून निघालेले वेगवान न्यूट्रॉन पाण्यात मंद होत असताना त्यांना ६·६७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या व त्यावरील इतर शिखरांच्या ऊर्जांमधून जावे लागते. त्या वेळी ते इंधनात असतील, तर युरेनियम–२३८ कडून ग्रहण होऊन साखळी विक्रियेतून बाद होतात.

समजा, काही कारणाने शक्ती वाढली व इंधन २९३ अंशांऐवजी १,२०० अंश निरपेक्ष तापमानास आले. डॉप्लर रुंदी ०·०८९ वरून सु. ०·१८ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते व शिखराची उंची सु. ७,००० बार्नवरून सु. ४,००० बार्नवर उतरते. क्षेत्रफळ तेच राहत असल्याने ग्रहणही तेवढेच राहील असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु इंधन पातळ नमुना नव्हे. युरेनियम ऑक्साइडात ७,००० बार्न काटच्छेद असता न्यूट्रॉन सरासरी सु. ०·०६ मिमी. व ४,००० बार्न असता सु. ०·११ मिमी. आत जाऊ शकतो. सु. १ सेंमी. व्यासाच्या इंधनगुटीच्या मानाने दोन्ही अंतरे नगण्य आहेत. म्हणजे शिखराच्या मध्यावरील न्यूट्रॉन गुटीच्या पृष्ठभागीच शोषले जातात व शिखर ठेंगणे झाल्याने त्यांपैकी फारसे कोणी सुटत नाहीत. उलट पूर्वी शिखराच्या बाजूने निसटून जाणारे न्यूट्रॉन आता रुंदावलेल्या कडांत सापडतात. एकूण ग्रहण वाढते, साखळी विक्रियेस उरणारे न्यूट्रॉन कमी होतात व शक्तीची वाढ आपोआप रोखली जाते.

या परिणामाचे विशेष मोल त्याच्या तत्परतेत आहे. उष्णता प्रथम इंधनातच निर्माण होते व अणूंची गतीही तत्क्षणी वाढते. उष्णता पाण्यापर्यंत पोचण्याची अथवा नियंत्रक दांडे हालण्याची वाट पाहावी लागत नाही. तथापि त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. पाण्याची वाफ झाल्याने प्रतिक्रियाशीलता वाढत असेल अशा रचनेत तो एकटा पुरेसा पडत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिल येथील विक्रियकात डॉप्लर परिणाम रोधकच होता, पण वाफेमुळे झालेल्या वाढीपुढे तो अपुरा ठरला.

सूत्राच्या मर्यादा : वरील सूत्र एकट्या पातळीचे आहे. युरेनियम–२३८ मध्ये मंद न्यूट्रॉनांच्या पातळ्यांतील सरासरी अंतर सु. २० इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे रुंदीच्या शेकडो पट असल्याने ते तेथे उत्तम लागू पडते. पातळ्या जवळ येऊन एकमेकींवर पडू लागल्या की त्यांचे परमप्रसर प्रथम मिळवून मग वर्ग करावा लागतो. नुसती शिखरे बेरजेने रचल्यास उत्तर चुकते. विग्नर व लेनर्ड आइझेनबड यांनी १९४७ मध्ये यासाठी अधिक व्यापक सिद्धांत दिला. प्रकीर्णनाच्या आलेखात अणुकेंद्राच्या पृष्ठभागावरून होणारे साधे परावर्तन अनुस्पंदनात मिसळते, त्यामुळे शिखराच्या एका बाजूस खोलगट भाग येतो व आकार असममित होतो. अशा आलेखाचा उच्चतम बिंदू म्हणजे E₀ असे मानणे चूक ठरते. शिवाय Γₙ स्थिर नसून ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. E₀ पासून फार खालच्या ऊर्जांना ग्रहण वेगाच्या व्यस्त प्रमाणात जाते ते त्यामुळेच.

मूलकणांची आयुर्माने : १९५० नंतर हेच सूत्र मूलकणांना लागू करण्यात आले. त्याचे एक निर्णायक उदाहरण जिनीव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेतील झेड कणाचे आहे. तेथील २७ किमी. परिघाच्या वर्तुळात १९८९ ते १९९५ या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींची ऊर्जा थोडीथोडी बदलून शिखर रेखिले गेले. चार प्रयोगांपैकी एल–३ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गट सहभागी होता. चारही प्रयोग मिळून रुंदी २४९·५२ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट आली. तिच्याशी संलग्न आयुर्मान सु. २·६ × १०⁻²⁵ सेकंद आहे. येथेही कच्चा आलेख फसवा असतो. टकरीपूर्वी कण प्रकाशपुंज बाहेर टाकतात व त्यांची ऊर्जा घटते, त्यामुळे शिखर सु. एक-चतुर्थांशाने ठेंगणे व उजव्या बाजूस लांबट होते. हा परिणाम गणिताने वजा केल्यावरच खरी रुंदी मिळते.

एकूण रुंदीतून दिसणाऱ्या सर्व क्षयमार्गांच्या आंशिक रुंदी वजा केल्या असता सु. ४९·९ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट उरले. हा भाग न दिसणाऱ्या न्यूट्रिनोंचा होय. न्यूट्रिनोच्या एका प्रकारास सु. १६·७ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. भागाकार २·९८४ आला व झोतांच्या तीव्रतेच्या मापनातील एका दुरुस्तीनंतर, २०१९ पासून, तो २·९९६ मानला जातो. म्हणजे ज्यांत झेड कण क्षय पावू शकतो असे हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे आहेत. कॅडमियमाच्या बाबतीत आंशिक रुंदींनी जो हिशेब १९३६ मध्ये जुळवून दिला, तोच हिशेब येथे, ज्यांची कोणत्याही उपकरणात नोंद झाली नाही अशा कणांची संख्या सांगण्यास पुरेसा ठरला.